नव्वद टक्के झालं, म्हणजे नक्की काय झालं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं की शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तेव्हा तू तुझ्या कामातली एखादी गोष्ट सांग, आणि ती सगळ्यांना कळली पाहिजे. इथे शेती करणारे आहेत, बँकेत आहेत, दवाखाना चालवणारे आहेत, बांधकाम व्यवसायात आहेत, घर सांभाळून चार उद्योग करणाऱ्या मैत्रिणी आहेत. माझं काम संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचं आणि लिहून घेण्याचं. तुम्हा सगळ्यांच्या आणि माझ्या कामात एक वाक्य मात्र सारखं ऐकू येतं. "नव्वद टक्के झालंय, थोडंच राहिलंय." आज या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

हे वाक्य एकदा ऐकलं तर त्यात काही वावगं नाही. पण एकाच कामाबद्दल तेच वाक्य तीन-चार आठवडे ओळीने ऐकू येऊ लागलं, तर आमच्या धंद्यात अनुभवी माणूस कान टवकारतो. कारण त्याचा अर्थ "काम हळू चाललंय" एवढाच नसतो. काम किती झालं हे मोजण्याची आणि सांगण्याची रीतच कुठेतरी बिघडली आहे आणि त्या आकड्याच्या आड काहीतरी लपलं आहे, असा त्याचा अर्थ असतो.

हा आजार जुना आहे. आयबीएम कंपनीत 1960 च्या दशकात मोठ्या संगणकांसाठीच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरचं काम फ्रेडरिक ब्रुक्स यांनी सांभाळलं. त्या अनुभवावर त्यांनी 1975 साली एक पुस्तक लिहिलं, ते आम्ही लोक आजही वाचतो. प्रोग्राम लिहिण्याला जेवढा काळ लागतो त्यातला निम्मा काळ तो प्रोग्राम "नव्वद टक्के झाला" असंच सांगितलं जातं, हे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवलं आहे. पुढे बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक विनोद रूढ झाला. पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के वेळ लागतो, असा त्याचा भावार्थ. बेरीज एकशे ऐंशी होते, गंमत त्यातच आहे. विनोद जुना झाला, आजार तसाच आहे.

आता एक प्रत्यक्ष काम तुमच्यासमोर मांडते. बँकेचं आणि माणसांचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही.

2010 सालची गोष्ट. बारा शाखांची एक सहकारी बँक जुन्या संगणक प्रणालीवरून नव्या प्रणालीवर जाणार होती. दिवस ठरला होता 1 ऑक्टोबर. त्यातलं एक काम होतं बचत खात्यांच्या व्याज आकारणीचं. इथे बँकेत काम केलेले आहेत, त्यांना आठवत असेल. त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर द्यायचं ठरलं. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळायचं. नव्या प्रोग्रामला हे दोन्ही नियम यायला हवे होते. नवा नियम पुढच्यासाठी, आणि जुना पडताळणीसाठी. मागच्या सहामाहीचं व्याज नव्या प्रोग्रामने पुन्हा काढायचं आणि ते जुन्या प्रणालीने खातेदाराला दिलेल्या व्याजाशी पैशापर्यंत जुळतं का ते बघायचं. जुळलं तर विश्वास ठेवायचा.

हे काम टीममधल्या एका हुशार, मेहनती मुलाकडे होतं. अंदाज दहा दिवसांचा. जुलैच्या मध्यावर त्याने सुरुवात केली. पहिल्या आठवड्याच्या शेवटी रिपोर्टमध्ये लिहिलं, पन्नास टक्के. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, नव्वद टक्के. तिसऱ्या आठवड्यात नव्वद. चौथ्या, पाचव्या, सहाव्या आठवड्यातही नव्वद. मी त्या वेळी दुसऱ्या टीममध्ये होते. सहाव्या आठवड्याच्या शेवटी मला तिथे बोलावलं गेलं आणि जरा बघायला सांगितलं.

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "किती झालं ते राहू दे. काय काय उरलंय ते मला कागदावर लिहून दे."

तो म्हणाला, "मॅडम, फार नाही. थोडं टेस्टिंग आहे."

"मग तेवढंच लिही. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर."

त्याने लिहायला घेतलं आणि कागद भरत गेला. प्रोग्राम लिहून झाला होता, हे खरं. एका शाखेची सगळी खाती जुळली होती, हेही खरं. तीन शाखांची खाती जुळत नव्हती. फरक कुठे दोन पैशांचा, कुठे चार रुपयांचा, आणि तो का येतो हे त्याला कळत नव्हतं. उरलेल्या आठ शाखांची जुनी माहितीच अजून हातात आली नव्हती. तीन शाखांच्या फरकाबद्दल त्याने तिसऱ्या आठवड्यात बँकेला ईमेल पाठवून विचारलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. नंतर कळलं की ज्यांना ईमेल गेली त्यांना वाटलं, हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा आहे.

म्हणजे "नव्वद टक्के" या आकड्यामागे खरी स्थिती अशी होती की बारापैकी एक शाखा पूर्ण, तीन अडलेल्या, आठ सुरूच न झालेल्या, आणि महिनाभर एका उत्तराची वाट बघणं चाललेलं.

तो मुलगा खोटं बोलत होता का? अजिबात नाही. मग हा नव्वद आला कुठून?

अंदाज दहा दिवसांचा होता. नऊ दिवस झाले, तेव्हा नव्वद टक्के. एवढं सरळ आहे ते. तो आकडा झालेल्या कामाचा नव्हता, खर्च झालेल्या दिवसांचा होता. दहावा दिवस उलटला तेव्हा तो पेचात पडला. शंभर लिहिता येईना, कारण काम संपलेलं नाही. नव्वदच्या खाली येता येईना, कारण "मागच्या आठवड्यात नव्वद होतं, या आठवड्यात चाळीस कसं?" असं भर मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणार. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. मग आकडा तिथेच उभा राहतो. नव्वद ही अशी जागा आहे.

खरा हिशेब काय होता ते आता मागे वळून करता येतो. सहा आठवडे म्हणजे कामाचे तीस दिवस उलटले होते. त्यानंतर ते काम पुरं व्हायला आणखी चार आठवडे, म्हणजे वीस दिवस लागले. एकूण पन्नास. आता बघा, ज्या नवव्या दिवशी त्याने प्रथम नव्वद लिहिलं, त्या दिवशी पन्नासपैकी नऊ दिवस झाले होते, म्हणजे अठरा टक्के. आणि तिसाव्या दिवशी, जेव्हा सगळे "हे काम अडकलं" म्हणून वैतागले होते, तेव्हा खरा आकडा होता साठ. कागदावर काम थांबलेलं दिसत होतं तेव्हा ते प्रत्यक्षात पुढे सरकत होतं, आणि कागदावर जवळजवळ संपलेलं दिसत होतं तेव्हा ते जेमतेम सुरू झालं होतं. वर बसून निर्णय घेणाऱ्याला दोन्ही वेळा उलटं चित्र दिसलं.

आता हा एक आकडा वर जाताना काय होतं ते बघू. प्रोजेक्टमध्ये अशी वीस कामं आहेत असं समजा. मॅनेजर सगळ्यांचे टक्के घेतो, सरासरी काढतो आणि वरच्या साहेबांना सांगतो, प्रोजेक्ट नव्वद टक्के झाला. पण ही सरासरी दोन तऱ्हांनी येऊ शकते. एका तऱ्हेत अठरा कामं पूर्ण संपली आहेत आणि दोन सुरूच झालेली नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत वीसच्या वीस कामं "नव्वद टक्के" आहेत आणि एकही संपलेलं नाही. पहिल्या तऱ्हेत अठरा गोष्टी वापरता येतात आणि दोन बाकी आहेत हे नावानिशी सांगता येतं. दुसऱ्या तऱ्हेत हातात काहीच नाही. रिपोर्टमध्ये मात्र दोन्हीचा आकडा एकच दिसतो, आणि साहेब त्या आकड्यावर तारीख देऊन मोकळे होतात.

हे फक्त संगणकाच्या कामात होतं असं समजू नका. कोल्हापूरकरांना याचं उदाहरण मी वेगळं द्यायला नको. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं काम 2014 मध्ये सुरू झालं. मुदत साधारण सव्वादोन वर्षांची होती. दूधगंगेच्या धरणातून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी पोचलं ते नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. मी त्या कामात कुठेही नव्हते, त्यामुळे कोणाचं चुकलं हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि आजचा तो विषयही नाही. मला फक्त मोजण्याची रीत दाखवायची आहे.

ती पाइपलाइन साधारण 53 किलोमीटर लांबीची. समजा, आपण काम पाइपच्या लांबीवर मोजलं. 48 किलोमीटर पाइप टाकून झाला की गणित सांगेल, नव्वद टक्के झालं. पण 48 किलोमीटर पाइपमधून शहराला नव्वद टक्के पाणी येत नाही. एक घागरही येत नाही. पाणी यायला मधला प्रत्येक तुकडा जोडलेला हवा, धरणात पाणी घेणारं जॅकवेल हवं, पंप हवेत, पंपांना वीज नेणारी वाहिनी हवी, आणि या सगळ्यासाठी वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या हव्यात. शिवाय जॅकवेलचं काम धरणाच्या पाणलोटात. पाणी उतरलं की हात घालायचा आणि पावसाळ्यात धरण भरलं की थांबायचं. म्हणजे त्या कामाला वर्षातले मोजकेच महिने. एक हंगाम हुकला की विलंब महिन्यांत मोजता येत नाही, तो थेट पुढच्या उन्हाळ्यावर जातो. रस्त्याकडेचा पाइप मोजायला सोपा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा. धरणातलं काम लांबीत काहीच नाही, पण वेळ तिथे जातो. लांबीच्या टक्क्यात ते दिसूच शकत नाही.

बँकेच्या कामात तेच झालं होतं. प्रोग्रामच्या ओळी म्हणजे रस्त्याकडेचा पाइप. त्या दिसतात, मोजता येतात, लवकर होतात. शाखा-शाखांचे आकडे जुळवणं म्हणजे धरणातलं जॅकवेल.

आता तुम्ही विचाराल, मग ओळखायचं कसं? नव्वदवर अडकलेलं प्रत्येक काम सारखं नसतं. मी जे करते ते सांगते. टक्का विचारत नाही, उरलेल्या कामाची यादी मागते. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा यादी मागते आणि दोन याद्या शेजारी ठेवते. यातून तीनपैकी एक गोष्ट दिसते.

पहिली गोष्ट, यादीच देता येत नाही. "थोडं टेस्टिंग आहे, थोडं फिनिशिंग आहे" असं उत्तर येतं. याचा अर्थ, काम संपलं म्हणजे काय हेच ठरलेलं नाही. इथे माणसाला घाई करून उपयोग नाही, आधी शेवट ठरवावा लागतो.

दुसरी गोष्ट, यादी आहे, पण दोन्ही आठवड्यांत तीच, शब्दही तेच. याचा अर्थ काम कशासाठी तरी थांबलं आहे. कोणाचं उत्तर, कोणाची सही, कुठलं तरी सामान. करणारा माणूस मोकळा बसलेला नसतो, तो इकडचं तिकडचं करत असतो, म्हणून बाहेरून काम चालू दिसतं. टक्क्याच्या रकान्यात "वाट बघतोय" लिहायला जागाच नसते. त्या मुलाने चार आठवडे वाट बघितली, पण रिपोर्टमध्ये ते लिहायचं कुठे? आकडा लिहायचा होता, त्याने आकडा लिहिला.

तिसरी गोष्ट, यादीतली जुनी कामं संपतात पण तेवढीच नवी येतात. मागच्या आठवड्यात पाच उरली होती, त्यातली चार झाली, पण आता सहा उरली आहेत. याचा अर्थ, आपल्याला हे काम अजून पूर्ण माहीत झालेलं नाही. आपण काम करत करत ते शोधत आहोत. इथे कोणी आळशी नसतं, उलट राबत असतात. पण तारीख मात्र अंदाजाने सुद्धा देऊ नये, कारण यादीचा तळ अजून लागलेला नाही.

तीन आजार वेगळे, तीन उपाय वेगळे, आणि तिघांचाही रिपोर्ट एकच: नव्वद टक्के.

बँकेच्या कामात तिन्ही थोडे थोडे होते, पण मोठा होता दुसरा. आम्ही ईमेलची वाट न बघता बँकेच्या मुख्य कार्यालयात गेलो. तिथल्या एका जुन्या अधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि अर्ध्या तासात उलगडा केला. दहा तारीख सुट्टीची आली तर काही शाखा अकरा तारखेला भरलेले पैसे दहालाच भरले असं धरत. काही शाखांत व्याज जवळच्या रुपयापर्यंत नेत आणि एका शाखेत पैसे नुसते सोडून देत. कुठल्याच कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. आमचा प्रोग्राम नियमाप्रमाणे बरोबर होता आणि म्हणूनच जुळत नव्हता.

परत आल्यावर आम्ही रिपोर्टमधला टक्का काढून टाकला. त्या जागी बारा शाखांची बारा ओळींची यादी लावली. प्रत्येक शाखेपुढे दोनच उत्तरं: जुळली किंवा नाही जुळली. सत्तर टक्के जुळली, जवळजवळ जुळली, असं तिसरं उत्तर नाही. एखाद्या शाखेचं एक खातं जरी दोन पैशांनी चुकलं तरी "नाही". शेजारी एक रकाना केला, कोणाची वाट बघतोय आणि कोणत्या तारखेपासून. पहिल्या दिवशी त्या यादीवर एकच "जुळली" होतं. मीटिंगमध्ये ते बघून शांतता पसरली. पण त्या कागदावर पहिल्यांदा कोणीतरी खरा निर्णय घेतला. आठ शाखांची माहिती कोण कधी देणार हे बँकेच्या माणसांनी त्याच दिवशी नावं घालून ठरवलं. आणि 1 ऑक्टोबरला सगळ्या शाखा एकदम न्यायच्या ऐवजी आधी पाच न्यायच्या, बाकीच्या पुढच्या टप्प्यात, हे ऑगस्टमध्येच ठरलं. हाच निर्णय सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावा लागला असता तर शाखांतल्या लोकांना शिकवायलाही वेळ मिळाला नसता, आणि चुकीच्या व्याजाचे भांडण काउंटरवरच्या कारकुनाला झेलावं लागलं असतं. रिपोर्ट खरा असण्याची किंमत शेवटी अशा माणसाला मोजावी लागते किंवा वाचते.

"संपलं" हे आधी ठरवणं ही काही साहेबांच्या देशातून आलेली कल्पना नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर ती रोज वापरतात. काहिलीत रस उकळत असतो, तासन्‌तास. "गूळ नव्वद टक्के झाला" असं गुळव्या कधी म्हणत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी होते का ते बोटाने बघतो. गोळी झाली तर काहील उतरवायची, नाही तर नाही. परीक्षा ठरलेली आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. चुलवाणात किती चिपाड जळलं यावरून गूळ झाला की नाही हे कोणी ठरवत नाही. आमचा तो मुलगा मात्र बिचारा किती चिपाड जळलं तेच लिहीत होता, कारण आम्ही त्याला विचारलंच तसं होतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्याही सांगते, नाहीतर उद्या कोणीतरी घरातल्या सगळ्यांच्या हातात याद्या देईल.

एक म्हणजे, टक्के नेहमीच वाईट नसतात. कामाचे सगळे तुकडे सारखे असतील तर टक्के उत्तम चालतात. हजार फॉर्म भरायचे आहेत आणि नऊशे भरून झाले, तर नव्वद टक्के हे खरंच नव्वद टक्के. कारण शेवटचे शंभर फॉर्म पहिल्या शंभरांसारखेच आहेत. गडबड होते ती शेवटचा तुकडा वेगळ्या जातीचा असतो तेव्हा.

दुसरं, यादी केली तरी माणूस सोपी कामं आधी उरकतो. बारापैकी सोप्या दहा शाखा आधी जुळवल्या तर यादीसुद्धा पुन्हा नव्वदच्या आसपास जाऊन बसेल, आणि अवघड दोन शेवटी उरतील. म्हणून आम्ही सगळ्यात जास्त फरक येणारी शाखा सगळ्यात आधी घेतली. पहिल्या दोन आठवड्यांत त्यामुळे यादी हललीच नाही म्हणा ना, पण नंतर एकेका दिवसात एकेक शाखा जुळत गेली.

तिसरं, तुकडे फार मोठे नकोत, फार बारीकही नकोत. दोन-तीन दिवसांत संपेल असा तुकडा मला बरा वाटतो. तीन आठवड्यांच्या तुकड्याला "झालं की नाही" विचारलं तर तीन आठवडे "नाही" हेच उत्तर येणार, त्यातून काही कळत नाही. आणि अर्ध्या तासाचे तुकडे केले तर माणूस काम सोडून याद्याच भरत बसेल.

आणि शेवटचं, जे कुठल्याही रकान्यात बसत नाही. साठवरून चाळीसवर आलेला आकडा सांगणाऱ्याला मीटिंगमध्ये काय मिळतं, यावर सगळं अवलंबून असतं. त्याला चारचौघांत बोलणी बसली तर पुढच्या वेळी यादीसुद्धा खोटी येईल. "जुळली" या शब्दाचा अर्थ हळूहळू सैल होईल. त्या मीटिंगमध्ये बँकेचे मोठे अधिकारी एकच "जुळली" बघून रागावले नाहीत, त्यांनी विचारलं, "आमच्याकडून काय हवंय?" त्या प्रश्नाने जेवढं काम झालं तेवढं माझ्या यादीने झालं नाही.

आता एक विनंती करते आणि थांबते. आपण सगळ्यांनी मिळून शाळेच्या प्रयोगशाळेच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली आहे आणि काम पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे. आपल्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी समिती माहिती देणार आहे. त्या माहितीत टक्का नको. पाच-सहा ओळी पुरतील. छत गळायचं थांबलं का, म्हणजे एका मोठ्या पावसात कोरडं राहिलं का. प्रत्येक ओट्यावरच्या नळाला पाणी येतं का. गॅसची जोडणी तपासून कोणी सही केली का. प्रत्येक टेबलाजवळचा दिवा लागतो का. आठवीच्या एका वर्गाने तिथे बसून एक प्रयोग पूर्ण केला का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. आणि "नाही" असेल तिथे कोणाची वाट बघतोय आणि कधीपासून, एवढं लिहा. पहिले दोन महिने सगळीकडे "नाही" दिसेल. तेव्हा समितीतल्या मंडळींना फोन करून कोणी रागावू नका. काय हवंय ते विचारा.